चार बटणं

माझ्या नाकावर राग आहे हे मला लहानपणापासून सांगितलं गेलंय, त्यामुळे ते वेगळं कबूल करायची गरज नाही. बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. वीस वर्षं हेच करतेय. नगाला कुणी विचारत नाही, बाबा तू का नाही बसलास. तीच सवय घरी आली असावी, असं आता वाटतं.

घरी म्हणजे चामराजपेटेत तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि त्यात मी आणि अण्णा. अण्णा माझा थोरला भाऊ. निपाणीकडे एसटीत कंडक्टर होता. भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असा त्याचा आवाज. दीड वर्षापूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. त्याचं मागं कुणी नव्हतं, माझंही नाही. म्हणून मी त्याला इकडं आणला. लोक म्हणाले, बरं झालं, एकमेकांना सोबत झाली. मीही तसंच म्हणायचे.

सोबत कसली. सातला कोपऱ्यावर कंपनीची बस येते, म्हणून दहा मिनिटं आधी मी घर सोडायचे. परत यायला संध्याकाळचे साडेसात. मधे दुपारी बारा ते दोन एक बाई यायची. त्याला जेवू घालायची, कपडे बदलायची आणि दोनला जायची. तिच्याकडे एक किल्ली होती. अण्णाला उठून कडी लावता येत नाही, म्हणून बाहेरून कुलूप. बाकी सगळा वेळ तो खिडकीजवळच्या खुर्चीत. टीव्हीच्या आवाजाने त्याचं डोकं दुखतं. शेजारची इमारत इतकी जवळ आहे की साडेपाचलाच खोलीत अंधारून यायला लागतं. मी कुलूप काढून आत यायचे तेव्हा तो काळोखात बसलेला असायचा. नुसती आकृती. मी दिवा लावला की डोळे मिचकावायचा.

मी म्हटलं, सकाळीच दिवा लावून जाते. एक दिवस तसं केलंही. तर त्यानं दुपारभर त्या दिव्याकडं बोट करून बाईला भंडावून सोडलं. उन्हात दिवा जाळायचा नाही, ही आमच्या आईची शिस्त. तो माझ्याहून जास्त आईचा. बटणांचा बोर्ड दाराशी, खुर्ची खिडकीशी, मधे बारा पावलं. ती त्याच्याकडं नाहीत. भाड्याची जागा, घरमालक भिंतीला छिन्नी लावू देत नाही. म्हणून मी ठरवलं, नुसत्या बोलण्यावर लागणारा दिवा आणायचा. एक बल्ब आणि एक बोलणारा स्पीकर. हात नसला चालत तर नसू दे, दोन शब्द तर निघतात. तेवढं जमलं तर निदान अंधार कधी घालवायचा हे त्याचं त्याला ठरवता येईल. एवढंच हवं होतं मला.

शनिवारी चारला खोकी उघडली. बल्ब लावला, तो भराभर लुकलुकायला लागला. पुस्तिकेत लिहिलं होतं, लुकलुकला म्हणजे जोडून घ्यायला तयार आहे. मोबाईलवर त्यांचं अॅप घेतलं, वायफायचा पासवर्ड घातला, शोध म्हटलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. दोन मिनिटं फिरला आणि इंग्रजीत उत्तर आलं की असं कुठलंही उपकरण सापडलं नाही. अरे, डोक्यावर लुकलुकतोय की. परत केलं. बटण बंद-चालू, बंद-चालू, बंद-चालू, तीनदा. परत लुकलुक, परत गोल, परत तेच. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मोबाईलचं लोकेशन चालू केलं, ब्लूटूथ चालू केलं. सहा वाजले. अण्णा मान वर करून त्या लुकलुकीकडं बघत बसला होता आणि मी स्टुलावर उभी राहून बल्बला शिव्या देत होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणालं असतं तर त्यालाही दोन ऐकवल्या असत्या. पण म्हणायला कुणी नव्हतं. मला एकदम जाणवलं की या दोन तासांत जितकं बोलले तितकं मी घरात कित्येक महिन्यांत बोलले नव्हते, आणि तेही बल्बशी.

रविवारी वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. नागपूरची, चाळिशीतली, घरूनच कंप्युटरचं काम करते. जिन्यात भेटल्यावर हसण्यापलीकडं आमचं कधी काही झालं नव्हतं. मीच वर जाऊन दार वाजवलं होतं, आणि दार वाजवताना लाज वाटली होती.

तिनं बल्बकडं पाहिलंच नाही. आधी माझा मोबाईल घेतला आणि विचारलं, "ताई, तुमचं वायफाय दोन नावांनी दिसतंय. तुम्ही कोणत्या नावावर आहात?"

मी म्हटलं, "ते फाईव्ह-जीवालं. तेच फास्ट आहे ना?"

"फास्ट आहे, पण या बल्बला ते ऐकूच येत नाही. त्याला फक्त जुनं, टू पॉइंट फोरवालं कळतं. तुम्ही ज्या नावावर होतात त्याचाच पासवर्ड अॅपनं त्याला दिला. तो ते नाव शोधत बसला, आणि अॅप त्याला शोधत बसलं."

तिनं मोबाईल दुसऱ्या नावावर आणला, तोच पासवर्ड घातला. मिनिटभरात लुकलुक थांबली आणि बल्ब शांतपणे उजळला. मग स्पीकर. तोही त्याच नावावर आणला, बल्बच्या कंपनीचं खातं स्पीकरच्या अॅपला जोडलं, आणि नवीन काही दिसतंय का बघ म्हटल्यावर त्याला बल्ब दिसला. बल्बचं नाव नुसतं 'लाइट' ठेवलं. स्पीकर खुर्चीशेजारच्या प्लगवर. त्याला आधी नावानं हाक मारायची, मग दोन शब्द.

अण्णाच्या तोंडून ती हाक पहिल्यांदा निघेना. दुसऱ्यांदा निघाली तर पुढचं 'लाइट' चिकटलं. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले, गाडी सुटायच्या आधी घ्यायचा तसा दम घेतला आणि म्हणाला, "लाइट... ऑन." लागला. मग त्यानं ऑफ केला. मग परत ऑन. वरची हसली, मी हसले, अण्णाचं अर्धं तोंड हसलं. तिला चहा दिला. ती अर्धा तास बसली, निपाणी कुठं आहे विचारलं. ती गेल्यावर खोली परत आहे तेवढीच झाली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी अॅप उघडलं. बल्बसमोर 'ऑफलाइन'. म्हटलं, कारखान्यात रेंज नसेल. संध्याकाळी साडेसातला कुलूप काढलं. आत काळोख. त्या काळोखात खुर्चीजवळ स्पीकरचा एक बारीक तांबडा दिवा, आणि त्याच्या मागे अण्णा.

मी दार उघडल्याबरोबर नेहमीसारखी बोर्डावरची बटणं पटापट टाकली, दिवा लागला. अण्णा डाव्या हातानं दाराकडं बोट दाखवत काहीतरी म्हणत होता. मी म्हटलं, "हो हो, लावलाय की दिवा, बघतोस ना." चहा ठेवला. चहा होईस्तोवर पाच मिनिटं गेली. मग मी स्पीकरला हाक मारली, लाइट ऑफ म्हटलं. बंद झाला. ऑन म्हटलं. लागला.

म्हणजे यंत्र ठीक आहे. बल्ब पास, स्पीकर पास. राहिला कोण?

तेव्हा मी जे बोलले ते लिहायला हात अडखळतो, पण लिहिते. मी म्हटलं, "अण्णा, माझं ऐकतोय तो. तूच नीट बोलत नाहीस. रविवारी जमलं ते आज का नाही जमलं? जरा तोंड उघडून बोलायला काय होतं?" अण्णा परत दाराकडं हात करायला लागला. मी तो हात धरून खाली ठेवला. मंगळवारी परत तसंच. अॅपमध्ये ऑफलाइन, घरात काळोख, मी आल्यावर सगळं सुरळीत. त्या दिवशी मी त्याच्याकडून वीस वेळा 'लाइट ऑन' म्हणवून घेतलं, शाळेत पाढे घ्यावेत तसं. विसाव्या वेळी त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं आणि पुन्हा हात वर केला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

वर गेले. वरचीला म्हटलं, "तुमचं ते काही खरं नाही." ती बिचारी जेवत होती. डाव्या हातानं माझा मोबाईल घेऊन तिनं बघितलं आणि म्हणाली, "ताई, दिवसभर बल्बच नेटवर्कवर नाहीये. भाऊ काय बोलले त्याचा प्रश्नच नाही. इथे एक सेटिंग आहे, बल्ब अर्धा तास ऑफलाइन राहिला की मेसेज येईल. ते चालू करते. मग केव्हा जातो ते तरी कळेल." मी 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं आणि खाली आले. 'भाऊ काय बोलले त्याचा प्रश्नच नाही' हे मी ऐकलं होतं. पण अण्णाशी त्या रात्री काही बोलले नाही. उद्या बघू म्हटलं.

बुधवारी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बस सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत अडकली होती, शेजारची बाई झोपली होती, तेवढ्यात मेसेज आला. तुमचा लाइट अर्ध्या तासापासून ऑफलाइन आहे. मी घड्याळ बघितलं. सात बावीस. अर्धा तास मागे म्हणजे सात वाजायला आठ. सात वाजायला आठला मी काय करत होते? कुलूप लावून फाटकापाशी आले होते. त्याआधी चपला घातल्या. त्याआधी...

माझा उजवा हात मांडीवर होता. मी आठवायला लागले तशी त्याची बोटं आपोआप हलली. एक, दोन, तीन, चार. दिवा, पंखा, टीव्ही, आणि चौथं वायफायच्या डब्याचं. गॅसची खुंटी, नळ, चार बटणं, कुलूप. निपाणीत आई असंच घर बंद करायची, गावाला जाताना, लग्नाला जाताना. मी एकटी राहायला लागले तेव्हापासून रोज तसंच. वीस वर्षं माझा हात त्या बोर्डावरून जात होता, मला न विचारता. स्पीकरचा प्लग नवा होता, तो हाताला माहीत नव्हता म्हणून वाचला. बल्बची वीजही मीच तोडत होते आणि वायफायही मीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एवढंच असतं तर स्वतःला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण घर बंद करतात ते कधी? घरात कुणी नसताना. मी दीड वर्षं रोज सकाळी माणूस आत असलेलं घर बंद करून जात होते. बल्ब आला म्हणून कळलं. अण्णा खुर्चीत बसून रोज बघत होता, मी बटणं बंद करतेय, कुलूप लावतेय. सोमवारी तो दाराकडं नाही, बोर्डाकडं बोट करत होता. आणि मी त्याचा हात खाली ठेवला.

मला बसमध्ये रडू आलं. शेजारची झोपलेली होती हे बरं झालं. नंतर वाटलं, जागी असती तरी चाललं असतं.

बाराला लॉकरपाशी जाऊन दुपारच्या बाईला फोन केला. म्हटलं, "चारी बटणं चालू कर आणि जाताना बंद करू नको."

ती म्हणाली, "अक्का, वायफायचं बटण तर मी कधी लावतच नाही. आणि जाताना सगळं बंद करून जा, असं पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलं होतं ना?"

"होय, मीच. आता नको करू."

"अण्णा जेवताना दोन दिवस बोर्ड दाखवत होते. मला वाटलं, पंखा पाहिजे."

जेवणाच्या सुट्टीत अॅप उघडलं. बल्ब ऑनलाइन, चालू. डबा मागे सारून मी मोबाईलच बघत बसले. सुट्टी संपल्यावर मी परत गेजपाशी गेले. मोबाईल जवळ ठेवायला परवानगी नाही, म्हणून चहाच्या सुट्टीत धावत लॉकरपाशी गेले. बल्ब ऑनलाइन, पण बंद. वाटलं, परत तेच. मग नीट वाचलं. वीज गेली असती तर ऑफलाइन दिसलं असतं. हा ऑनलाइन होता आणि बंद होता. म्हणजे कुणीतरी बंद कर म्हटलं होतं. बाईला फोन लावला, ती म्हणाली, मी निघाले तेव्हा चालूच होता. म्हणजे दुपारी उजेड असताना दिवा नको म्हणून अण्णानं बंद केला. आईचा मुलगा.

संध्याकाळी बसमध्ये मी अॅप बंदच केलं नाही. पडदा विझू नये म्हणून अधूनमधून बोट लावायचे. पाच चाळीस, बंद. पाच पन्नास, बंद. इलेक्ट्रॉनिक सिटीचा पूल उतरलो आणि पडद्यावरचं बल्बचं चित्र पिवळं झालं. चालू. कुणाला दाखवावं म्हणून मी मान वर केली. समोर नुसत्या डुलणाऱ्या माना. वरचीचा नंबर होता, तिला कळवावंसं वाटलं, पण काय कळवणार, आमच्या घरी दिवा लागला म्हणून? तरी कळवलं. तिनं लगेच अंगठा पाठवला. बरं वाटलं.

गल्लीत शिरल्यावर लांबूनच आमची खिडकी दिसली. दीड वर्षात ती मी बाहेरून उजेडात कधी बघितली नव्हती. आतलं कॅलेंडर दिसत होतं, आणि अण्णाचं डोकं. मी कुलूप काढून आत गेले आणि बोर्डाकडं हात नेला, मग खाली घेतला. करायला काही उरलंच नव्हतं.

त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "अण्णा, चूक माझी होती. तुझं बोलणं बरोबर होतं. मीच बटणं बंद करून जात होते."

तो म्हणाला, "ठाऊक."

"हे बल्बचं राहू दे. त्याच्या आधी, दीड वर्ष, रोज बघत होतास. एकदाही म्हणाला नाहीस, मी आत आहे म्हणून?"

त्याला एक वाक्य बांधायला वेळ लागतो. मी पहिल्यांदाच ते पुरतं बांधून होईपर्यंत थांबले. एरवी मीच अर्ध्यावर तोडून पुढचं बोलून टाकायचे.

"तू... घर बंद... करत होतीस," तो म्हणाला. मग खूप वेळानं, "तुझं घर."

मी त्याचा पडलेला हात हातात घेऊन बसले. नंतर उठून भात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसची खुंटी बघितली, नळ बघितला. दाराशी आले आणि हात आपोआप बोर्डाकडं गेला. अण्णा खुर्चीतून बघत होता. मी हात मागे घेतला आणि पदराला पुसला, कशाला कोण जाणे. चपला घातल्या. मग लक्षात आलं की दीड वर्षात मी निघताना एक शब्द बोलले नव्हते. बंद घराला कोण सांगून जातं?

"अण्णा," मी म्हटलं, "येते."

कुलूप घातलंच, त्याला इलाज नव्हता. किल्ली फिरवून मी तशीच उभी राहिले. बसला उशीर होत होता. आतून त्यानं दम घेतल्याचा आवाज आला, मग शब्द जुळवताना होते ती खुडखुड.

"ये," तो म्हणाला. "लवकर... ये."

मी खिडकीवरून पुढं गेले तेव्हा आतला दिवा बंद झाला. बाहेर चांगलं उजाडलं होतं.